ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन: आधी पावडर विरघळवा, मग सुई टोचा

माझ्या मुलाला सातव्या वर्षापासून टाइप वन मधुमेह आहे, आता तो चौदाचा आहे. गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीत रुग्णवाहिका यायला पाऊण तास लागतो, म्हणून रक्तातली साखर एकदम उतरून शुद्ध हरपली तर द्यायच्या ग्लुकॅगॉनचं किट फ्रीजच्या दारात कायम असतं. घरी इन्सुलिन घेणारं कोणी असेल, तर तुमच्या डॉक्टरांकडून ते लिहून घेतलंच असेल असं धरते आणि थेट कामाच्या गोष्टीवर येते.

इंजेक्शन कधी द्यायचं, याचा निर्णय एका प्रश्नावर होतो: माणसाला नीट गिळता येतंय का? हात थरथरताहेत, घाम फुटलाय, पण बोलतोय आणि घोट गिळतोय, तर साखरेचं पाणी किंवा ग्लुकोज पावडर द्या. तिथे इंजेक्शनचं काम नाही. बेशुद्ध असेल, झटके येत असतील, किंवा डोळे उघडे असूनही दात घट्ट आवळून हात झटकत असेल, तर ग्लुकॅगॉन द्या. ग्लुकोमीटर हाताशी असेल तर साखर बघा, पण मीटर शोधत घरभर फिरू नका. साखर मुळात कमी नव्हती असं नंतर निघालं, तरी एका डोसने सहसा मोठं बिघडत नाही. पण साखर खरंच कमी असताना इंजेक्शन दिलं नाही, तर परिणाम भयंकर असतो.

आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही. मध नाही, गुळाचं पाणी नाही, दातांत चमचाही नाही. ते पाणी पोटात न जाता श्वासनलिकेत जातं. नाकाला कांदा लावणाऱ्या शेजाऱ्यांना १०८ ला फोन लावायच्या कामाला लावा. ते दोघांच्याही सोयीचं. घरी एकटेच असाल तर आधी इंजेक्शन, मग फोन.

आता खरी अडचण. आमच्या डबीत एक छोटी काचेची कुपी असते, तळाशी चिमूटभर पांढरी पावडर, आणि एक सिरिंज, ज्यात स्वच्छ पाणी आधीच भरलेलं असतं. भरलेली सिरिंज दिसली की घाबरलेलं माणूस ती सरळ टोचून मोकळं होतं. मीही पहिल्या वेळी तेच केलं. मुलगा नऊ वर्षांचा होता, रात्र होती, आणि मी त्याच्या मांडीत नुसतं पाणी टोचलं. औषध कुपीत तसंच राहिलं. दहा मिनिटं झाली तरी हालचाल नाही, आणि चूक कळली ती ओट्यावरची सीलबंद कुपी दिसल्यावर. तेव्हा घरात दुसरी डबी होती, म्हणून निभावलं. त्या दिवसापासून मी डबीच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: ‘पाणी पावडरीत, मग परत सिरिंजमध्ये.’

क्रम असा. कुपीचं प्लास्टिकचं टोपण काढा, खालचं रबरी बूच तसंच राहू द्या. सिरिंजची सुई बुचातून आत घाला आणि सगळं पाणी कुपीत सोडा. सुई बाहेर न काढता कुपी हळूहळू हलवा, पावडर पूर्ण विरघळून द्रव पाण्यासारखा स्वच्छ होईपर्यंत. गढूळ, चिकट किंवा कण असलेला द्रव वापरू नका.

मग कुपी उलटी करा, आणि इथे पुन्हा हात चुकतात. सुई फार आत गेलेली असते, टोक द्रवाच्या वर निघतं आणि सिरिंजमध्ये नुसती हवा येते. सुई थोडी मागे ओढून टोक द्रवातच ठेवा आणि दट्ट्या हळू ओढा. वर टिचकी मारून बुडबुडा बाहेर ढकला. पंचवीस किलोच्या वर वजन असेल तर पूर्ण १ मिलिलिटर, म्हणजे १ मिलिग्रॅम. त्याहून कमी वजनाच्या मुलाला सिरिंजवरच्या अर्ध्या खुणेपर्यंत, ०.५ मिलिलिटर. द्रव तयार झाल्यावर लगेच वापरायचा, नंतरसाठी ठेवायचा नाही.

इन्सुलिन पेनची सवय असलेल्यांनी हे एकदा तरी हाताने करून बघावं. मुदत संपलेलं किट मी टाकत नाही, त्याने पपनसावर सराव करते. घरातल्या चौघांनी ते केलंय, सासूबाईंनीसुद्धा.

टोचणं सोपं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, सुई सरळ, दट्ट्या शेवटपर्यंत. पातळ कपड्यातून दिलं तरी चालतं. त्यानंतर लगेच माणसाला कुशीवर वळवा, कारण ग्लुकॅगॉननंतर बऱ्याच जणांना उलटी होते.

गेल्या शिमग्यात पुन्हा वेळ आली. पोरगा रात्री बारापर्यंत पालखी नाचवून आला, पाणी पिऊन झोपला. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी उशी घामाने ओली, हाक मारली तर ओ नाही, मीटरवर ३१. सव्वापाचला पूर्ण डोस दिला. बारा मिनिटांनी त्याने डोळे उघडले, साखर ६४, आणि त्यानंतर पाचव्या मिनिटाला उलटी. उलटी थांबली, स्वतःहून पाणी गिळलं, तेव्हा साखरेचं पाणी दिलं आणि थोड्या वेळाने दूध-भात. पावणेसहाला ९२. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा तो पालखीबद्दलच विचारत होता.

पंधरा मिनिटांत शुद्ध आली नाही आणि दुसरं किट असेल, तर दुसरा डोस द्या. नसेल, तर रुग्णालयाचीच वाट, तिथे शिरेतून ग्लुकोज देतात. कारण ग्लुकॅगॉन स्वतः साखर नाही. ते यकृताला साठवलेली साखर रक्तात सोडायला लावतं. दिवसभर उपवास असेल, किंवा दारू झाली असेल, तर साठाच नसतो किंवा यकृत तो सोडत नाही. अशा वेळी इंजेक्शनवर भरवसा ठेवून घरी बसू नका. ग्लिमेपिराईडसारख्या गोळ्या घेणाऱ्या वयस्क माणसाचंही तसंच: शुद्धीवर आले तरी गोळीचा परिणाम बराच वेळ टिकतो आणि साखर पुन्हा उतरते. त्यांना रुग्णालयात ठेवावंच लागतं.

घरी आल्यावरही तो दिवस मोकळा नाही. यकृताचा साठा रिकामा झालेला असतो, म्हणून जेवण चुकवायचं नाही. पहिल्या तासात मी दर पंधरा मिनिटांनी साखर बघते, मग दिवसभर दोन-दोन तासांनी, आणि त्या रात्री दोनदा उठते. आमची दुपारी २६० वर गेली होती. अशा वेळी ती पटकन खाली आणायला जादा इन्सुलिन टोचू नका, डॉक्टरांना फोन करा. पण टाइप वनवाल्याचं रोजचं लांब पल्ल्याचं इन्सुलिनही स्वतःच्या मनाने बंद करू नका. त्या रात्रीचा डोस किती कमी करायचा, हे आम्हाला डॉक्टरांनीच सांगितलं.

किट फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यापासून लांब. २५ अंशांखाली ते फ्रीजबाहेरही अठरा महिने टिकतं, म्हणून पावसात एक रात्र लाइट गेली तर घाबरायचं नाही. पण वैशाखात आमचं माजघर ते तापमान कधीच ओलांडतं. तुमच्या किटवरची सूचना एकदा वाचून घ्या. वापरल्याच्या दिवशीच नवीन मागवा. आमच्या दुकानात ते तयार नसतं, रत्नागिरीहून यायला चार दिवस लागतात.