वृक्षारोपणाचं निमंत्रण लिहिताय? या चुका टाळा

जुलै लागला की इंदूरच्या कॉलेजांतल्या निसर्ग मंडळांची निमंत्रणं फिरायला लागतात. "श्रावणाच्या पहिल्या रविवारी सकाळी ७ वाजता देवगुराडियाला वृक्षारोपण. जास्तीत जास्त संख्येने उपस्थित राहावे. आवश्यक साहित्य सोबत आणावे." आमच्या मंडळाचं एका वर्षीचं निमंत्रण हेच होतं आणि ते मीच लिहिलं होतं. त्यातलं एकेक वाक्य कुठे फसलं ते सांगते.

पहिली चूक तारखेची, आणि ती आपल्या गावाची खास आहे. आपल्या घरचा श्रावण अमावास्येनंतर सुरू होतो, तर हिंदी भाषिक मित्रांचा सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. २०२५ मध्ये सावन ११ जुलैला लागला, आपला श्रावण २५ जुलैला. म्हणजे "श्रावणाचा पहिला रविवार" एका मुलासाठी १३ जुलै, तर दुसऱ्यासाठी २७ जुलै. तिथी हवी तर लिहा, पण आधी वार आणि इंग्रजी तारीख लिहा.

दुसरी चूक ठिकाणाची, आणि सगळ्यात जास्त खोळंबा हिनेच होतो. देवगुराडिया म्हणजे गाव, टेकडी आणि महादेवाचं देऊळ, तिन्ही. आमची काही मुलं देवळाच्या पायऱ्यांशी थांबली, काही नेमावर रोडवर. रोपं मात्र टेकडीच्या मागच्या उतारावर. सगळे एकत्र यायला पाऊण तास गेला आणि तेवढ्यात ऊन चढलं. आता आम्ही दोन जागा देतो: शहरातली एक (तीन इमली चौक, ६:३० ला निघायचं) आणि थेट येणाऱ्यांसाठी टेकडीजवळची एक, कोणत्या खुणेपाशी उभं राहायचं ते लिहून. मसुदा पाठवण्याआधी त्या बाजूला कधीच न गेलेल्या कुणाला तरी वाचायला द्या आणि विचारा, "तू नेमका कुठे उभा राहशील?" त्याला प्रश्न पडला तर वाक्य बदला. परतायची वेळ आणि सोबत कोणते सर किंवा मॅडम आहेत हेही लिहा. मुलींच्या घरी आधी तेच विचारतात.

"जास्तीत जास्त संख्येने" हे वाक्य मला आता अजिबात चालत नाही. त्या दिवशी खड्डे ६० होते, माणसं शंभराच्या वर. निम्मी नुसती उभी राहिली, आणि त्यांच्या वावरण्याने नुकती लावलेली दोन रोपं तुडवली गेली. आधी हिशोब करा. खड्डे आधीच खणलेले असतील (आम्ही दीड फूट लांब, रुंद आणि खोल घेतो), तर एका जोडीला एक रोप लावायला, आळं करायला आणि पाणी द्यायला साधारण वीस-पंचवीस मिनिटं लागतात. २० जोड्या, प्रत्येकी ३ रोपं: सव्वा तासात ६० रोपं होतात. म्हणजे ४० जण. पाण्यासाठी वेगळे ८ जण मागा. दर रोपाला १० लिटर धरलं तर ६०० लिटर वाहून न्यायचं असतं, आणि लावणारेच पाणी आणायला गेले की काम थांबतं. निमंत्रणात ४८ हाच आकडा लिहा.

साहित्याचंही तसंच. "आवश्यक साहित्य" वाचून कुणी खुरपं आणलं, कुणी छत्री, पण पिशवी कापायला एकाकडेही ब्लेड नव्हतं. मग मुलांनी रोपं पिशवीतून ओढून काढली, मुळांभोवतीची माती सुटली, आणि नेमकी तीच रोपं आठवड्यात माना टाकू लागली. पिशवी उभी कापून सोलायची असते, म्हणून जोडीमागे एक कात्री किंवा ब्लेड हवंच. कुदळ, फावडी, पहार मंडळाने आणावी. मुरमाच्या उतारावर ती नीट नसली तर हात सोलतात. मुलांनी स्वतःसाठी आणायचं ते एवढंच: जुने पकड असलेले बूट (चप्पल नको), पूर्ण बाह्यांचा शर्ट, रेनकोट (छत्री धरली की एक हात अडकतो), पाण्याची बाटली.

आणि पाऊस? रिमझिम असेल तर काम होतं, मुसळधार असेल तर उतार निसरडा होतो. कोणत्या वेळेपर्यंत रद्द झाल्याचं कळवणार ते आधीच लिहा.

शेवटची चूक मोठी आहे: आवाहन फक्त लावण्यापुरतं असतं. पाऊस संपला की त्या उतारावर नोव्हेंबरपासून जूनपर्यंत रोपांना पाणी घालायला कुणी नसतं. लावणीच्या दिवशी उत्साहाने "येऊ" म्हणणाऱ्यांना डिसेंबरात फोन लावला, तर परीक्षा असते. म्हणून नाव नोंदवतानाच विचारा: तुझी ३ रोपं, आणि महिन्यातला कोणता रविवार?

आमचं आताचं निमंत्रण असं आहे:

"रविवार, २७ जुलै. तीन इमली चौकातून ६:३० ला निघू. थेट येणाऱ्यांनी देवगुराडिया देवळाच्या मुख्य कमानीशी ७ ला थांबावं, तिथून सोबत जाऊ. ६० रोपं (कडुनिंब, करंज), ४८ जण हवेत: ४० लावायला, ८ पाण्याला. बूट, पूर्ण बाह्या, रेनकोट, बाटली. जोडीत एक कात्री. ९:३० ला परत. मोठा पाऊस असल्यास ५:३० पर्यंत कळवू. नाव देताना नोव्हेंबर ते जून पाण्यासाठी महिन्याचा एक रविवार निवडा."