फवारणी पंपाची लिस्टिंग मराठी-हिंदीत करताना

इंग्रजी लिस्टिंगमधल्या नॅपसॅक स्प्रेअरचं शब्दशः भाषांतर केलं की 'पाठीवरील तुषारक' असलं काहीतरी होतं. जालना-परभणीकडचा शेतकरी ते कधीच शोधत नाही.

आधी विक्रीच्या साइटवर शोधपेटीत 'फवारणी' एवढंच टाइप करा आणि खाली कोणत्या सूचना येतात ते बघा. तेच शब्द शीर्षकात सुरुवातीला घ्या: 'बॅटरी फवारणी पंप १६ लिटर, १२ व्होल्ट'. वर्णन दुकानात गिऱ्हाईकाला सांगतो तसं लिहा. 'सुलभ वहनक्षमता' नको, 'पट्टा रुंद आहे, खांद्याला काचत नाही' हे पटकन कळतं.

हिंदी मजकूर मराठीवरून उतरवू नका, वस्तू समोर ठेवून वेगळा लिहा: 'बैटरी वाला स्प्रे पंप, दवा छिड़कने की मशीन'. 'बॅटरी' आणि 'बैटरी' हा फरक सांभाळा. बरेच जण रोमन लिपीत शोधतात, म्हणून favarni pump, spray pump हे शब्द सर्च टर्म्सच्या रकान्यात टाका, वर्णनात कोंबू नका.

शेवटी मजकूर मोठ्यानं वाचा. जिथं अडखळाल, ते वाक्य बदला.

मॉडेल नंबर मात्र इंग्रजीतच, जसाच्या तसा ठेवा. सुटे भाग शोधणारा तोच टाइप करतो.