आजी उठते की उठायची? आठवणींच्या लेखात काळ घसरतो तो इथे

गुहागर तालुक्यात आम्ही काही जण मिळून दरवर्षी एक छोटा दिवाळी अंक काढतो. श्रावण लागला की लेख यायला लागतात आणि ते पहिल्यांदा वाचायचं काम माझ्याकडे असतं. निम्म्याहून जास्त लेख एकाच वाटेचे असतात: मुंबईहून गावी येणं, बंद घराचं कुलूप काढणं, पडवीत बसून लहानपण आठवणं. या विषयाचा मला कंटाळा नाही, मीही तेच लिहीत आले आहे. पण अशा लेखात आजचा दिवस आणि जुने दिवस शेजारी शेजारी येतात, आणि तिथे त्याच त्या चुका दरवर्षी होतात. क्रियापद एका काळातून दुसऱ्या काळात कधी गेलं ते लिहिणाऱ्याला कळत नाही, आणि वाचणारा मात्र अडखळतो.

यातली सगळ्यात महागात पडणारी चूक मी स्वतः केली आहे. आजीवरचा माझा पहिला लेख असा सुरू होत होता: 'आजी पहाटे उठते. मागीलदारी जाते, चूल पेटवते. आगोट जवळ आली की खळ्यात सुकत घातलेली आमसुलं राखत बसते.' लेख लिहिला तेव्हा आजीला जाऊन नऊ वर्षं झाली होती. शेवटच्या ओळीत 'आता घराला कुलूप आहे' एवढंच लिहून मी थांबले होते. मला वाटलं, वाचणाऱ्याला समजेल. त्या गणपतीत नात्यातल्या एक वयस्कर मावशी मुंबईहून आल्या. लेख वाचून त्यांनी आजीसाठी मऊ सुती नऊवारी आणली होती. पडवीत पाय ठेवल्या ठेवल्या त्यांनी विचारलं, "कुठे आहे गो ती?" त्यांना सांगताना मला जे वाटलं ते मी विसरलेली नाही. ते लुगडं अजून माझ्या कपाटात आहे.

दोष मावशींच्या वाचण्यात नव्हता. मराठीत 'उठते' वाचलं की पहिला अर्थ लागतो तो आजच्या सवयीचा. जुनी गोष्ट वर्तमानात सांगायची रीत आपल्याकडे आहेच: 'काल बाजारात गेले, तर समोरून मामा येतात.' पण नीट पाहा. तिथे आधी 'काल' आहे, 'गेले' आहे. प्रसंग भूतकाळात खिळ्याने ठोकल्यावरच 'येतात' येतं, आणि तो प्रसंग एकदाच घडलेला असतो. रोजच्या सवयी सांगताना असा खिळा नसतो, म्हणून त्या सरळ आजच्या वाटतात. त्यांच्यासाठी भाषेने रीती भूतकाळ दिलेला आहे: उठायची, उठत असे, उठे. मी आता आजी 'उठायची, जायची, पेटवायची' असंच लिहिते. मग एखाद्या दिवसाचा प्रसंग आला की आधी 'त्या वर्षी जूनच्या पहिल्याच पावसात' असं म्हणते आणि त्यानंतर 'आजी दार उघडते, तर अंगणात गुडघाभर पाणी' असं वर्तमानात जायला मोकळी होते.

'वर्तमानकाळात लिहिलं की लेख जिवंत होतो' हा सल्ला नवीन मुलं कुठून ऐकून येतात कोण जाणे. चित्र जिवंत होतं ते आमसुलांनी आणि चुलीच्या धुराने. काळ बदलून ते होत नाही. उठायची, उठत असे, उठे ही तिन्ही रूपं एकाच परिच्छेदात मिसळू नका एवढं मात्र सांगते. 'उठायची' बोलण्यातलं आहे, 'उठे' पुस्तकी आहे. एक धरा आणि धरून राहा.

दुसरी चूक 'होता, होती, होतं'ची. ही इतकी पसरलेली आहे की मी तिच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवते. नमुन्यादाखल एक परिच्छेद मीच रचते, पण यातला प्रत्येक प्रकार मला लेखांत भेटलेला आहे:

'धोपाव्याच्या धक्क्यावर गाडी थांबली. समोर फेरीबोट उभी आहे. लहानपणी इथे छोटी होडी होती. आजोबांनी एकदा मला त्या होडीतून पलीकडे नेलं होतं. वारा सुटला होता. आजोबांनी माझा हात धरला होता. होडी डोलत होती आणि मी घाबरले. आजोबा हसतात. "घाबरू नको, दाभोळ आलंच," असं म्हणाले होते. फेरीबोटीची फळी धक्क्यावर टेकते आणि आपण गाडीत बसतो.'

इथे दोनच काळ आहेत: आजचा धक्का आणि तेव्हाची होडी. आधी आजचा धक्का घेऊ. 'थांबली' भूतकाळात, 'उभी आहे', 'टेकते', 'बसतो' वर्तमानात. एकच बाजू ठरवायला हवी. मी वर्तमान घेते, म्हणून 'थांबते'.

मग वाशिष्ठीच्या खाडीतली ती जुनी फेरी. 'नेलं होतं' बरोबर आहे. तो मागे जायचा दरवाजा आहे. पण दरवाजा एकदा ओलांडला की पुन्हा पुन्हा ओलांडायचा नसतो. आत गेल्यावर साधा भूतकाळ पुरतो: घाबरले, हसले, म्हणाले. प्रत्येक वाक्याला 'होतं' लावलं की वाचणारा दर वाक्याला उंबरठ्यावर येऊन उभा राहतो, होडीत बसतच नाही.

हे सांगितलं की उतावळी मंडळी लगेच सगळे 'होता' खोडून मोकळी होतात, आणि नवीन घोटाळा तयार होतो. कारण सगळे 'होता' एका जातीचे नसतात. 'छोटी होडी होती' यात 'होती' हेच मुख्य क्रियापद आहे, ते काढलं तर वाक्यच उरत नाही. 'डोलत होती' म्हणजे डोलणं चालू होतं, 'डोलली' म्हणजे एकदाच हेलकावा बसला. हा अपूर्ण भूतकाळ, त्याला हात लावायचा नाही. प्रश्न फक्त पूर्ण भूतकाळाचा आहे, म्हणजे 'सुटला होता', 'धरला होता', 'म्हणाले होते' यांचा. तिथेही प्रत्येकाला विचारावं लागतं: ही गोष्ट चालू प्रसंगाच्या आधी घडून गेलेली आहे का?

'वारा सुटला होता' म्हणजे होडी निघाली तेव्हा वारा आधीच वाहत होता. 'वारा सुटला' म्हणजे मध्यावर तो सुरू झाला. दोन्ही बरोबर, पण प्रसंग वेगळे. पहिल्यात आजोबांनी वारा दिसत असूनही नातीला होडीत घेतलं, दुसऱ्यात वाऱ्याने दोघांनाही गाठलं. 'हात धरला होता'चंही तसंच. आधीपासून धरलेला हात वेगळा आणि ती घाबरल्यावर धरलेला हात वेगळा. काय घडलं ते लिहिणारीलाच माहीत असतं, म्हणून हे दुसऱ्या कुणी दुरुस्त करून देता येत नाही. मी पेन्सिलीने खूण करून लेख परत पाठवते.

माझ्या हातून तो परिच्छेद असा होईल:

'धोपाव्याच्या धक्क्यावर गाडी थांबते. समोर फेरीबोट उभी आहे. लहानपणी इथे छोटी होडी होती. आजोबांनी एकदा मला त्या होडीतून पलीकडे नेलं होतं. आम्ही निघालो तेव्हाच वारा सुटला होता. मध्यावर होडी डोलत होती आणि मी घाबरले. आजोबांनी माझा हात धरला. हसून म्हणाले, "घाबरू नको, दाभोळ आलंच." आता फेरीबोटीची फळी धक्क्यावर टेकते. मी गाडीत बसते.'

अवतरणातलं 'आलंच' तसंच ठेवलं आहे. पोहोचायच्या आधीच 'आलंच' म्हणायची आपली रीत आहे आणि अवतरणातला काळ बोलणाऱ्याचा असतो, लेखाचा नसतो. परतीच्या वाटेवर 'आता' घातला, कारण बाहेर यायलाही दरवाजा लागतो. नाहीतर फळी आजच्या फेरीबोटीची की जुन्या होडीची असा प्रश्न पडतो. आजची भेटही भूतकाळात लिहायची असेल ('मागच्या मे महिन्यात मी धोपाव्याला गेले') तर मागे जाताना 'नेलं होतं' लागतंच. दोन्हीकडे भूतकाळ असल्यामुळे कोणता जुना ते दुसरं कुणी सांगत नाही.

'आपण'चा 'मी' केला तोही मुद्दाम. 'मी' म्हणून सुरू झालेला लेख भावना दाटली की 'आपण'वर घसरतो: 'आपल्याला रडू येतं.' रडू तुम्हाला आलं आहे, तर 'मला' म्हणा.

दृष्टिकोनाची याहून खोल चूक मुलाच्या डोळ्यांत मोठ्यांचं ज्ञान घालण्याची आहे. '१९८५ साली आठ वर्षांचा मी रत्नागिरीच्या स्टँडवर एसटीची वाट बघत होतो आणि कोकण रेल्वे यायला अजून तेरा वर्षं होती.' संपूर्ण मार्ग खुला झाला तो २६ जानेवारी १९९८ ला, म्हणजे हिशोब बरोबर आहे. पण स्टँडवरच्या त्या मुलाला तो ठाऊक नाही. त्याला ठाऊक आहे डिझेलचा वास, वडिलांच्या हातातली वळकटी, लागणारी गाडी. रेल्वेबद्दल सांगायचंच असेल तर ते आजच्या माणसाने वेगळ्या वाक्यात सांगावं: 'पुढे १९९८ मध्ये संपूर्ण कोकण रेल्वे सुरू झाली आणि ती वाट बघणं संपलं.' 'आणि'ने जोडलेल्या एका वाक्यात दोन वयं बसत नाहीत. अशी वाक्यं हुडकायला मी जुन्या प्रसंगातल्या प्रत्येक माहितीपुढे समासात लिहिते, 'हे कुणाला माहीत?'

बाकीच्या चुका थोडक्यात. 'मला वाटलं की पाऊस पडत होता' ही इंग्रजी वळणाची रचना आहे. त्या क्षणी पडणाऱ्या पावसासाठी मराठीत 'मला वाटलं, पाऊस पडतोय' हेच योग्य. 'आई म्हणाली की मी उद्या येते' यात 'मी' आई की लेखिका ते कळत नाही, म्हणून अवतरणचिन्हं घाला. आणि जुन्या प्रसंगात 'काल', 'उद्या' नको, 'आदल्या दिवशी', 'दुसऱ्या दिवशी' हवं. 'परवा' तर मागचाही असतो आणि पुढचाही.

लेख पुरा झाल्यावर मी दोन दिवस तो उघडत नाही. मग लाल आणि निळी पेन्सिल घेऊन बसते, आजची क्रियापदं लाल, तेव्हाची निळी, आणि शेवटी फक्त क्रियापदं मोठ्याने वाचते: थांबते, उभी आहे, होती, नेलं होतं, निघालो, सुटला होता, डोलत होती, घाबरले, धरला, म्हणाले, टेकते, बसते. चार पानांच्या लेखाला अर्धा तास लागतो. लाल रांगेत एकटंच निळं दिसलं की तिथे थांबून मागचं वाक्य पुन्हा वाचते.