इजारा कसा करावा: घर, भटारी आणि गिरणीवाला

मराठीत इजारा म्हटलं की मक्ता आठवतो. जुन्या इस्लामी कायद्यात मात्र इजारा म्हणजे मोबदला घेऊन उपयोग विकणं. घर विकायचं नाही, त्यातलं राहणं विकायचं. माणूस विकायचा नाही, त्याची मेहनत विकायची. (पायात घालायची इजार, तो शब्द वेगळा!) बाराव्या शतकात मध्य आशियातल्या मर्गिनानी यांनी लिहिलेल्या ‘हिदाया’ या हनफी पंथाच्या कायदेग्रंथाप्रमाणे असा करार कसा करायचा ते पाहू.

आधी घर. भाडं किती आणि मुदत किती, दोन्ही ठरवा. ‘महिन्याला एक दिरहम’ एवढंच बोललात, तर करार पहिल्या महिन्यापुरताच पक्का. दुसरा महिना लागल्यावरही भाडेकरू राहिला, तर तो महिनाही बांधला गेला. मधेच कुणालाही मोडता येत नाही. दर महिन्याची कटकट नको असेल तर ‘एका वर्षासाठी बारा दिरहम’ म्हणा. घरात काय करणार हे सांगायची गरज नाही, कारण घर राहण्यासाठीच असतं. तरी न विचारता लोहाराची भट्टी किंवा दळणाचं जातं बसवता येत नाही. त्यानं इमारतीला धक्का बसतो. शेतजमिनीचं उलट आहे: काय पेरणार ते सांगा, नाहीतर ‘वाटेल ते पेर’ अशी मुभा तरी द्या. काही पिकं जमिनीला जड जातात.

आता मजूर. त्याचा वेळ घेताय की काम, हे ठरवा. भटाऱ्याला म्हणालात, ‘या दहा मापं पिठाच्या रोट्या आज भाजून दे, एक दिरहम देतो’, तर हनफी पंथाचे प्रवर्तक अबू हनीफा यांच्या मते करार बिघडला. संध्याकाळी निम्मं पीठ उरलं, की भटारी म्हणणार दिवस भरला, तुम्ही म्हणणार काम कुठं झालं? त्यांचे शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद यांना यात दोष दिसला नाही. ‘आज’ हा शब्द नुसती घाई दाखवतो, करार कामाचाच, असं त्यांचं म्हणणं. मला शिष्यांचं पटतं, पण करार करताना गुरूंचं ऐकलेलं बरं.

मजुरीही करारावेळी देता येण्यासारखी हवी. ‘गहू दळ आणि याच पिठातलं एक माप तुझं’ हे चालत नाही, कारण ते पीठ अजून झालेलंच नाही. गिरणीवाल्याच्याच मेहनतीतून ते निघणार. त्याऐवजी एक माप गहू आधीच वेगळा काढून द्या, किंवा ‘याच’ न म्हणता चांगल्या पिठाचं एक माप कबूल करा.

आणि चुकीच्या करारावर दळण दळून झालंच, तर गिरणीवाला रिकाम्या हाती जात नाही. त्याला बाजारात चालणारी मजुरी मिळते, फक्त ती त्या एका मापाच्या किमतीपेक्षा जास्त होत नाही, कारण तेवढ्यावर तो स्वतःच राजी झाला होता.