कोच सरांना सणानिमित्त आभार लिहिताय? या चुका टाळा

लेकीला पोहायला शिकवणाऱ्या सरांसाठी माझा पहिला मसुदा असा होता: ‘आदरणीय सर, सणाच्या हार्दिक शुभेच्छा. आपल्या अमूल्य मार्गदर्शनामुळे आमच्या मुलीने मोठी प्रगती केली. आपले ऋण शब्दांत मांडणे अशक्य आहे. आपला आशीर्वाद असाच राहो.’

पाठवण्याआधी ताईला दाखवला. ती स्वतः मुलांना पोहायला शिकवते. तिने वाचलं आणि विचारलं, “हाच मेसेज गाण्याच्या बाईंना पाठवला तर चालेल?”

चालला असता. गणिताच्या सरांनाही चालला असता. आभारात सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. शब्द जड, पण त्यात पाण्याचा एक थेंब नाही. ताई म्हणाली, सणाच्या दिवशी असे मेसेज ढिगाने येतात, सगळ्यांना हात जोडल्याची खूण पाठवून ती मोकळी होते. वर्षानुवर्षं लक्षात राहतात ते दोन-तीनच, आणि त्यांत सरावातली एखादी नेमकी गोष्ट असते.

मग नेमकं काय लिहायचं? मला आठवेना, कारण मी मुलीला तलावावर सोडतो आणि तासाने घ्यायला जातो. ताईने उपाय सांगितला: मुलीला ‘सर कसे आहेत?’ असं विचारू नकोस, ‘छान’ एवढंच उत्तर येईल. ‘सर सारखं सारखं काय म्हणतात?’ असं विचार.

लेक क्षणात म्हणाली, “दोन हात, एक आवाज!”

हे ब्रेस्टस्ट्रोकचं आहे. त्या प्रकारात वळताना आणि शर्यत संपवताना दोन्ही हात भिंतीला एकाच वेळी लागावे लागतात. एक हात आधी लागला की पोहणारा बाद, मग वेळ कितीही चांगली असो. हात एकदम टेकले तर भिंतीवर एकच थाप ऐकू येते, मागेपुढे झाले तर दोन. सरांनी नियम पाठ करून घेतला नव्हता, कानाला शिकवला होता.

आणि मग मला ती स्पर्धा आठवली, जी मी मसुद्यातून मुद्दाम गाळली होती. ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये लेक दुसरी आली आणि बाद झाली. शेवटच्या दोन हातांत तिने शेजारच्या लेनकडे पाहिलं, घाईत उजवा हात पुढे फेकला, डावा मागून आला. मला वरून काहीच दिसलं नव्हतं. मी तावातावाने पंचांकडे निघालो होतो. सरांनी मला हाताने थांबवलं आणि स्वतः तिच्याजवळ गेले. निकाल जाहीर व्हायच्या आधी, ओल्या फरशीवर तिच्याशेजारी बसून त्यांनी काय झालं ते सांगितलं. माइकवरून नाव पुकारलं गेलं तेव्हा तिला कारण माहीत होतं. ती रडली, पण चक्रावली नाही.

मी हे गाळलं, कारण आभार म्हटलं की पदकं आठवतात. ही दुसरी चूक, आणि मला वाटतं पहिलीपेक्षा मोठी. पदकाबद्दल आभार मानले की कोचला नकळत सांगितलं जातं की पदक नाही तर आभारही नाहीत. पदकात मुलाची उंची, वय, त्या दिवशी समोर कोण उतरलं, असं बरंच काही मिसळलेलं असतं. हरलेल्या दिवशी कोच कसा वागला, ते मात्र सर्वस्वी त्याचं.

दुसरा मसुदा लिहिला. ‘सरांनी तिच्याकडून शेवटचे पाच मीटर रोज शंभर वेळा करून घेतले,’ असं ठोकून दिलं. चांगल्या तलावात दोन्ही टोकांच्या पाच मीटरांत लेनच्या दोरीचे मणी वेगळ्या रंगाचे असतात. तो रंग दिसला की भिंतीपर्यंत आपले किती हात उरले हे ठरलेलं असायला हवं, म्हणजे शेवटी ओढाताण होत नाही. सराव त्याचाच होता. मसुदा लेकीला वाचून दाखवला, तर ती हसायलाच लागली. शंभर नव्हे, दहा-बारा वेळा. आणि सर नव्हे, सहायक मॅडम भिंतीपाशी उभ्या राहून कान लावायच्या. सर शेवटच्या दिवशी बघायला आले.

म्हणजे आकडा फुगवलेला आणि श्रेय चुकीच्या माणसाला. सरांनी ते वाचलं असतं तर त्यांना ओशाळल्यासारखं झालं असतं, आणि मॅडमच्या कानावर गेलं असतं तर त्यांना लागलं असतं. म्हणून पाठवण्याआधी मूल वाचू शकत असेल तर त्याला मसुदा वाचायला द्यावा. तिथे हजर तेच होतं, आपण नव्हतो.

पंचांच्या प्रसंगाबद्दल मी चार ओळींची माफीही लिहिली होती. ताईने तीन कापल्या. “आभार त्यांचे आहेत, पश्चात्ताप तुझा,” म्हणाली. एक ओळ पुरते.

शेवटची ओळ होती: ‘पुढच्या महिन्यात तिला मोठ्या बॅचमध्ये घेता आलं तर बघा.’ त्यावर तिने बोट ठेवलं आणि काही बोललीच नाही. ही चूक ओळखायची खूण सोपी आहे: शेवटचं वाक्य झाकून वाचा. मेसेज लिहिण्याचं कारणच नाहीसं झालं, तर तो अर्ज होता. बॅच, निवड, फीची सवलत यांचं बोलणं सण उलटून गेल्यावर वेगळं करावं. निवड तोंडावर असताना महागडी भेटवस्तू देणंही त्याच जातीचं. कोचला ती धड घेता येत नाही, धड परत करता येत नाही.

पालकांच्या ग्रुपवर टाकायचा मोहही झाला होता. तिथे एकाने टाकलं की बाकीच्यांना टाकावंच लागतं, आणि आपल्या मुलीचं बाद होणं सगळ्यांपुढे मांडायचा हक्क तिच्या परवानगीशिवाय आपल्याला नाही. थेट सरांनाच पाठवलं.

शेवटी गेलं ते हे:

‘सर, सणाच्या शुभेच्छा. लेक ब्रेस्टस्ट्रोकमध्ये बाद झाली त्या दिवशी निकालाआधीच तुम्ही तिच्याशेजारी बसून काय चुकलं ते समजावलंत. पंचांकडे निघालेल्या मलाही थांबवलंत, ते बरं झालं. नंतर मॅडमनी तिच्याकडून शेवटच्या पाच मीटरांचा सराव करून घेतला. त्यांनाही आमचे आभार सांगा. दुसऱ्या दिवशी ती तलावावर यायला तयार होईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. ती स्वतःच बॅग भरून दारात उभी होती. हल्ली घराच्या दारालाही दोन्ही हात टेकून “एक आवाज” म्हणते. – तिचे आईबाबा’

‘ऋण’, ‘अमूल्य’, ‘आशीर्वाद’ कुठे गेले ते कळलंही नाही.

संध्याकाळी सरांचं उत्तर आलं. मॅडमना वाचून दाखवलं, एवढं लिहून खाली एक ओळ होती: ‘दारावर हात एकावर एक ठेवत असेल तर सांगा तिला, नियमात वेगवेगळे लागतात.’