महागाईचा आलेख खाली, मग भाव का नाही उतरले?

मी नवशिक्यांसाठी अर्थशास्त्राचे छोटे व्हिडिओ बनवतो. त्यातल्या एकात महागाईचा दर, म्हणजे भाव वाढायचा वेग, १० वरून ५ टक्क्यांवर आला असं दाखवायला एक रेषा सरसर खाली आणली, दिसायला एकदम मस्त, आणि आईने बघून विचारलं, "मग थाळी स्वस्त का नाही झाली रे?"

झालं, चूक माझीच होती. रेषा होती महागाईच्या दराची, पण बघणारा ती भावाची समजतो, कारण खाली जाणारी रेषा म्हणजे स्वस्ताई हे डोक्यात पक्कं बसलंय.

मग आधी बाईकची उपमा घेतली: स्पीड ८० वरून ४० वर आला तरी गाडी पुढेच जाते ना, मागे नाही येत. त्यासाठी स्क्रीनवर वर स्पीडोमीटर ठेवला, खाली रस्त्यावरची गाडी. काटा उतरतोय आणि गाडी तरीही पुढे सरकतेय, हे एकाच वेळी दिसलं की अर्धं काम झालं.

पण ही उपमा टक्क्यांपाशी अडते, टक्के कशावर लागतात ते तिच्यात दिसत नाही. म्हणून पुढे थाळीच्या भावाचे खांब, वर्षाला एक. पहिला १०० रुपयांचा, दुसऱ्यावर १० ची लाल वीट, ११०. तिसऱ्यावर ५ टक्के म्हणजे साडेपाचची वीट, कारण टक्के ११० वर लागतात, १०० वर नाही, म्हणून ११५.५०. वीट लहान, खांब उंच. खांब शून्यापासूनच काढायचे हां, मी आधी ९० पासून काढलेले तर थाळी दुपटीहून महाग झाल्यासारखी वाटत होती!

आता आई म्हणते, "म्हणजे वाढायचा वेग कमी झालाय, भाव नाही."