मेलवर आलेली पीओ सॉफ्टवेअरमध्ये कशी चढवावी (आणि शंभरपट चुकीची ऑर्डर कशी टाळावी)

पाच-सहा नेहमीच्या पार्ट्या, त्यांच्याकडून मेलवर येणाऱ्या पीओ, आणि त्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये चढवणारा एक माणूस, असं चित्र बहुतेक छोट्या कारखान्यांत असतं. यावर सल्ला मागितला की उत्तर मिळतं, ‘पीडीएफमधून कॉपी करा, एक्सेलमध्ये पेस्ट करा, इम्पोर्ट करा.’ तीन वाक्यांत काम संपलं! चूक मात्र या तीन वाक्यांच्या मधल्या जागेत होते. पार्टीचा आयटम म्हणजे आपला नेमका कोणता आयटम, आणि पीओवरचा रेट किती नगांचा, हे दोन प्रश्न नीट सोडवले तर उरलेलं काम कारकुनी आहे.

सॉफ्टवेअरमध्ये पार्टी आणि आयटमचे मास्टर तयार आहेत असं धरून चालतो. पीओची एंट्री सेल्स ऑर्डर म्हणून करायची. तिने लेजर हलत नाही, फक्त बाकी ऑर्डर दिसते. हिशेब बिल झाल्यावर हलतो. पीओवरून थेट बिल बनवून ठेवायची सवय असेल तर ती आधी मोडा.

पायरी १: मेल

सगळ्या पीओ एकाच पत्त्यावर मागवा आणि एकाच फोल्डरमध्ये ठेवा. पीडीएफ उघडण्याआधी मेलचा मजकूर वाचा. ‘दुसऱ्या ओळीत २०० ऐवजी ३०० धरावे’ असं पुष्कळदा मेलमध्येच लिहिलेलं असतं आणि पीडीएफमध्ये जुनाच आकडा असतो. अशी पीओ चढवू नका, दुरुस्त पीओ मागवा. पुढे बिल अडकलं की पार्टीचं अकाउंट्स खातं पीडीएफ बघतं, मेल बघत नाही.

पायरी २: पीडीएफमधून शीटमध्ये

माउसने अक्षरं सिलेक्ट होत असतील तर कॉपी करा. होत नसतील तर ती स्कॅन केलेली प्रत आहे. हाताने टाइप करा, किंवा पार्टीकडे त्यांच्या सिस्टीममधून निघालेली मूळ पीडीएफ मागा. नेहमीची पार्टी ती सहसा देते.

पेस्ट करण्याआधी कोडचा कॉलम टेक्स्ट फॉरमॅटमध्ये करा. आधी, नंतर नाही. तसं केलं नाही तर 00451203 चं 451203 होतं, 12-03 ची तारीख होते, आणि १५ पेक्षा जास्त अंकी कोडचे शेवटचे अंक शून्य होतात. एकदा गेलेले अंक नंतर फॉरमॅट बदलून परत येत नाहीत. तारखाही एकदा डोळ्यांखालून घाला: 04/05 म्हणजे ४ मे की ५ एप्रिल, हे प्रत्येक पार्टीचं ठरलेलं असतं, पण शीटला ते माहीत नसतं.

पायरी ३: आयटम जुळवणं

इथे सावकाश चला. पार्टी आपला माल आपल्या नावाने मागवत नाही. तिच्या पीओवर तिचा कोड असतो आणि तिच्या स्टोअरमध्ये कुणीतरी कधीकाळी लिहिलेलं वर्णन असतं. त्या वर्णनावरून आयटम कधीही जुळवू नका. ‘स्प्रिंग, १.६ तार’ या वर्णनाचे आपल्याकडे चार आयटम असू शकतात. लांबी वेगळी, प्लेटिंग वेगळं, आणि वर्णनात त्यातलं काहीच नाही. जुना माणूस हे तोंडपाठ ओळखतो म्हणून काम चालतं. तो रजेवर गेला की चुकीचा माल पॅक होतो.

त्यासाठी जुळणीचा एक तक्ता ठेवायचा. वेगळी शीट, नाव Map. पहिल्या कॉलममध्ये किल्ली, दुसऱ्यात आपल्या मास्टरमधलं आयटमचं नाव, जसंच्या तसं. किल्ली चार गोष्टी मध्ये | चिन्ह घालून, स्पेस न ठेवता जोडून बनवायची: पार्टी, पार्टीचा कोड, ड्रॉइंगचं रिव्हिजन आणि युनिट.

चार कशाला, कोड पुरेसा नाही का? नाही. दोन पार्ट्यांचा कोड योगायोगाने एकच असू शकतो, म्हणून पार्टी हवी. ड्रॉइंग C चं D झालं तरी पार्टी कोड तोच ठेवते, पण आपल्यासाठी तो भाग बदललेला असतो. म्हणून रिव्हिजन हवं. आणि आजवर नगांत मागवणारी पार्टी एखाद्या दिवशी किलोत मागवते, म्हणून युनिट हवं. यातलं काहीही बदललं की किल्ली तक्त्यात सापडत नाही आणि ओळ अडते. आपल्याला तेच हवं आहे. अडलेली ओळ माणूस बघतो. चुकीच्या आयटमला गुपचूप जुळलेली ओळ थेट उत्पादनात जाते.

पीओच्या शीटमध्ये A ते D या कॉलमांत पार्टी, कोड, रिव्हिजन आणि युनिट ठेवलं, तर आयटम शोधण्याचा फॉर्म्युला असा:

```
=XLOOKUP(A2&"|"&TRIM(SUBSTITUTE(B2,UNICHAR(160),""))&"|"&C2&"|"&D2, Map!A:A, Map!B:B, "नवीन")
```

मधला SUBSTITUTE काढू नका. पीडीएफ आणि वेबपेजवरून कधी कधी न तुटणारी स्पेस येते. डोळ्यांना ती साध्या स्पेससारखीच दिसते, पण एकटा TRIM ती काढत नाही. कोड हुबेहूब सारखा दिसतोय आणि तरी ‘नवीन’ येतंय, तर LEN लावून अक्षरं मोजा. ८ अंकी कोडला ९ आलं की चोर सापडला.

जुन्या एक्सेलमध्ये VLOOKUP वापरावा लागला तर शेवटचा FALSE विसरू नका. तो नसला तर फॉर्म्युला अंदाजे जुळणी करतो, म्हणजे न सापडलेल्या कोडला जवळपासचा आयटम चिकटवून देतो आणि एरर दाखवत नाही. या कामातला याहून वाईट दोष मला माहीत नाही.

‘नवीन’ आलेली ओळ तक्त्यात कोणी घालायची, तेही ठरवून टाका. ड्रॉइंग वाचता येणाऱ्यानेच ती घालावी, एंट्री करणाऱ्याने नाही.

पायरी ४: रेट किती नगांचा

एका स्प्रिंगची ओळ जवळून बघू. पीओवर आहे: कोड 00451203, संख्या 2,500 EA, रेट 1,840.00, आणि रेटच्या शेजारी बारीक अक्षरांत ‘per 100’. कॉपी-पेस्टमध्ये हे ‘per 100’ हमखास हरवतं, कारण ते वेगळ्या ओळीत किंवा अरुंद कॉलममध्ये असतं. मग सॉफ्टवेअरमध्ये रक्कम होते ४६,००,०००. खरी रक्कम आहे ४६,०००. शंभरपट फरक असला तर निदान डोळ्यांत खुपतो. आयटम स्वस्त आणि संख्या थोडी असली तर तोही खुपत नाही.

म्हणून ‘किती नगांचा रेट’ हा शीटमध्ये स्वतंत्र कॉलम ठेवा आणि तो दर वेळी पीओवरूनच भरा, मागच्या वेळचा आकडा ओढू नका. मग संख्या E मध्ये, रेट F मध्ये, किती नगांचा ते G मध्ये आणि पीओवर छापलेली ओळीची रक्कम H मध्ये घेऊन ताळा करा:

```
=ROUND(E2*F2/G2,2)-H2
```

उत्तर शून्य यायलाच हवं. ‘जवळपास शून्य’ चालवून घेऊ नका. फरक दिसला तर बहुतेक वेळा पीओवरच्या रकमेत आधीच सवलत धरलेली असते, किंवा दशांश चिन्हाचा घोळ असतो. काही देशांतल्या पीओवर 1.250 म्हणजे एक हजार दोनशे पन्नास.

ताळा जुळला तरी सॉफ्टवेअरमध्ये एक सापळा उरतोच. समजा वॉशरचा रेट हजार नगांना १८३.७५ आहे आणि ऑर्डर ४०,००० नगांची. रक्कम ७,३५०. एका नगाचा रेट काढला तर तो ०.१८३७५, पण सॉफ्टवेअर रेट दोनच दशांशांपर्यंत ठेवत असेल तर ०.१८ उरतो आणि रक्कम होते ७,२००. दीडशेची तूट, आणि ती प्रत्येक बिलात. उपाय दोन: रेटचे दशांश पाचपर्यंत वाढवा, किंवा त्या आयटमला ‘हजार नग’ असं विक्रीचं युनिट द्या. मी दुसरा निवडेन, कारण मग बिलावरही पार्टीच्या पीओसारखाच रेट छापला जातो आणि त्यांच्याकडे तपासणाऱ्याला भागाकार करत बसावं लागत नाही.

किलोचंही तेच. हजार वॉशर ४.२ किलो भरत असतील तर ६३ किलोची ऑर्डर म्हणजे १५,००० नग. हा हिशेब स्टॉकसाठी करा, पण सेल्स ऑर्डरमध्ये ६३ किलोच लिहा. पार्टी किलोवर पैसे देते, आणि वजन बॅचगणिक थोडं हलतं.

पायरी ५: इम्पोर्ट

बॅकअप घ्या, दोन ओळी इम्पोर्ट करून बघा, मग बाकीच्या. एका ओळीला तीन डिलिव्हरी तारखा असतील तर तीन ओळी करा. पीओ नंबर रेफरन्सच्या रकान्यात, नेहमी एकाच पद्धतीने लिहा: एकदा 4500012345 आणि एकदा PO-4500012345 असं लिहिलंत तर सॉफ्टवेअरला ती दुबार पीओ ओळखता येणार नाही. पार्टीचा ओळ क्रमांक, 10, 20, 30 असा जो असेल तो, सोबत साठवा. त्याचा उपयोग पुढच्याच पायरीला होतो.

पायरी ६: रिव्हाइज्ड पीओ

रिव्हाइज्ड पीओ त्याच नंबरने येते, फक्त वर ‘Rev. 1’ लिहिलेलं असतं. तिच्यावरची संख्या बहुधा एकूण असते, उरलेली नसते. वरच्या स्प्रिंगच्या २,५०० पैकी १,००० गेले आणि मग ३,००० ची रिव्हाइज्ड पीओ आली, तर जुन्या ऑर्डरची तीच ओळ उघडून संख्या ३,००० करा. बाकी २,००० दिसेल. नवीन ऑर्डर म्हणून चढवली तर बाकी होते ४,५००, म्हणजे अडीच हजार स्प्रिंगा कोणी मागितल्या नसताना बनतात. ३,००० हे एकूण की जादा, अशी शंका आली तर फोन करा. पण फोनवरच्या उत्तरावर न थांबता तेच मेलने लिहून घ्या.

ओळ शोधताना ओळ क्रमांकावरून शोधा. रिव्हिजनमध्ये एखादी ओळ काढून टाकलेली असू शकते, आणि नुसता क्रम बघून वरून खाली जुळवत गेलात तर तिच्या खालच्या सगळ्या ओळी एकेक घर सरकतात. काढून टाकलेली ओळ सॉफ्टवेअरमधून डिलीट करू नका. तिची बाकी रद्द करा, म्हणजे आधी गेलेल्या मालाचा माग राहतो.

आठवड्यातून एकदा पार्टीनिहाय बाकी ऑर्डरची यादी काढून पार्टीच्या खरेदी विभागाला पाठवा आणि त्यांच्या यादीशी ताडून घ्या. आपल्याकडे बाकी जास्त दिसली तर आधी रिव्हाइज्ड पीओ नवीन म्हणून चढली का ते बघा. कमी दिसली तर एखादी पीओ भलत्याच्या मेलबॉक्समध्ये पडून आहे.